पुरणयंत्र कुठल्या खोक्यात आहे?

मुंबई-पुण्यात सोसायटीची इमारत पुनर्विकासाला गेली की घरातल्या माणसांची सोय बिल्डरच्या भाड्यातून होते, सामानाची मात्र होत नाही. दोन बेडरूमच्या जुन्या घरात चाळीस वर्षांत जमलेला संसार भाड्याच्या वन बीएचकेत मावत नाही. मग उरलेलं सामान महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या स्टोरेज युनिटमध्ये जातं. सुरुवातीला सगळे म्हणतात की दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे, तोवर तिकडे कशाला जावं लागतंय! पण पहिल्याच गणपतीला मोदकपात्र लागतं, होळीला पुरणयंत्र लागतं, मुलीच्या लग्नाचं ठरलं की आजीची पैठणी लागते. आणि आत उभं राहिल्यावर समोर दिसतात एकसारखी तपकिरी खोकी, प्रत्येकावर पॅकर्सच्या माणसानं मार्करनं लिहिलेलं: ‘किचन’, ‘किचन’, ‘किचन + बेडरूम’, ‘मिक्स’.

पॅकर्सकडची यादी इथे कामाला येत नाही. ती वाहतुकीसाठी असते. किती नग चढले, किती उतरले आणि विम्याच्या दृष्टीनं कशाची किंमत किती, एवढंच तिला सांगायचं असतं. ‘खोका क्र. २३, किचन आयटम’ ही नोंद ट्रकसाठी पुरेशी आहे, पण पुरणयंत्र शोधणाऱ्याला तिचा उपयोग नाही. त्याला हवी असते वस्तूपासून सुरू होणारी सूची. म्हणजे वस्तूचं नाव शोधलं की खोक्याचा नंबर कळावा आणि नंबरावरून खोकं युनिटमध्ये नेमकं कुठे आहे ते कळावं. या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवणं हाच या कामाचा गाभा आहे. बहुतेक घरगुती याद्या फसतात त्या दोन्ही एकात कालवल्यामुळे.

आधी खोक्याच्या नंबराचं बघू. आपला स्वाभाविक ओढा असतो ‘कि-१, कि-२’ असे खोलीवार नंबर देण्याकडे. दिसायला ते नीटनेटकं वाटतं, पण पॅकिंगच्या दिवशी दुपारनंतर स्वयंपाकघरातलं शेवटचं खोकं अर्धं रिकामं राहतं आणि त्यात देवघरातली समई, औषधांचा डबा आणि टीव्हीचा रिमोट जाऊन बसतो. नंबर म्हणतो ‘किचन’, आत भलतंच. म्हणून नंबराला काही अर्थच नसावा: १, २, ३ असे सरळ. ग्रंथालयात पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो फक्त ‘हे पुस्तक या क्रमानं आमच्याकडे आलं’ एवढंच सांगतो. पुस्तक कपाट बदलतं, त्याची बांधणी बदलते, पण क्रमांक तोच राहतो. खोक्यालाही असाच क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा दुसऱ्या खोक्याला देऊ नये, आधीचं खोकं फाटून फेकून दिलं तरीही.

बिनअर्थाच्या नंबराचा आणखी एक फायदा असा की हमालांना, शेजारच्या युनिटवाल्याला किंवा लिफ्टमधल्या कुणाला आत काय आहे ते कळत नाही. ‘चांदीची भांडी’ असं बाहेर लिहिलेलं खोकं मी पाहिलं आहे. ‘काच, सांभाळून’ एवढं जरूर लिहावं, त्यापलीकडे फक्त नंबर. तसंही दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं (घराचा करार, शेअर सर्टिफिकेट, बिल्डरशी झालेला करारनामा) युनिटमध्ये ठेवायची नसतात. दागिने आणि कागदपत्रं आपल्याजवळ किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, रोकड आपल्याजवळच.

नंबर लिहायचा तो लागून असलेल्या दोन बाजूंवर, चांगला हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा मोठा आणि थेट पुठ्ठ्यावर. झाकणावर लिहून उपयोग नाही, कारण वर दुसरं खोकं आलं की झाकण दिसत नाही. चिकटपट्टीवर लिहिलं तर पावसाळ्याच्या दमट हवेत ती सुटून येते, नंबरासकट. किराणा दुकानातून आणलेल्या जुन्या खोक्यांवर आधीचे आकडे असतात, तेही ठळक खोडायला हवेत. नाहीतर एका खोक्याला दोन नंबर होतात आणि चूक झाली आहे हे सहा महिन्यांनी कळतं.

आता पॅकिंगचा दिवस. चार माणसांची टोळी दोन बेडरूमचं घर साधारण दिवसभरात बांधून टाकते. ती माणसं तुमच्या वहीसाठी थांबणार नाहीत, आणि त्यांनी का थांबावं? म्हणून रिकाम्या खोक्यांवर नंबर आदल्या रात्रीच टाकून ठेवावेत आणि त्या दिवशी घरातल्या एका माणसाकडे एकच काम द्यावं: टेप लागण्याआधी उघड्या खोक्याचा वरून फोटो, नंबर फोटोत दिसेल असा. खोकं खोल असेल तर अर्धं भरल्यावर एक आणि पूर्ण भरल्यावर एक. सूची त्या रात्री किंवा पुढच्या दोन-तीन दिवसांत या फोटोंवरून भरता येते. फोटो हीच सूची असं मात्र समजू नये. चाळीस खोक्यांचे शंभर फोटो अंगठ्यानं सरकवत पुरणयंत्र शोधणं म्हणजे युनिटमध्ये खोकी उघडत बसण्याचाच दुसरा प्रकार. फोटो हा पुरावा असतो. शोध घ्यायचा तो शब्दांनी.

आणि शब्दांतच खरी कसोटी आहे. किती बारीक लिहायचं? मला पटलेला नियम सोपा आहे: जी वस्तू कधीतरी एकटी मागितली जाईल तिला स्वतंत्र ओळ. स्टीलच्या बारा वाट्या कुणी एकेक मागत नाही, त्यांना मिळून एक ओळ पुरते. पुरणयंत्र, मोदकपात्र, खलबत्ता, कुकरची जादा रिंग, ड्रिल मशिन यांना एकेक. तीनशे पुस्तकं असतील तर प्रत्येकाची नोंद करायची गरज नाही. पाठकणे दिसतील असे फोटो काढून ‘कथा-कादंबऱ्या, लेखक अ ते ग’ अशी ओळ केली तरी चालतं. पण ज्याचा संदर्भ वारंवार लागतो असा कोश किंवा मुलीची चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं वेगळी लिहावीत. ‘किरकोळ’ आणि ‘इतर’ हे शब्द सूचीत येऊच देऊ नयेत. वस्तू हरवतात त्या नेमक्या तिथे. एक्स्टेन्शन बोर्ड, घड्याळाचे सेल, पडद्याच्या कड्या असं लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

दुसरी अडचण म्हणजे एकाच घरात एकाच वस्तूला दोन-तीन नावं असतात. सासूबाई सोऱ्या म्हणतात, सून चकलीचा साचा म्हणते. कुणी मखर म्हणतं, कुणी डेकोरेशन. शिवाय शोधणारा मोबाइलवर कसं टाइप करेल ते सांगता येत नाही. म्हणून सूचीत ‘दुसरी नावं’ असा वेगळा रकाना ठेवावा आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचा शब्द लिहावा. गरज वाटली तर रोमन लिपीतलं रूपही टाकावं, कारण नातू samai असं टाइप करणार. वस्तूचं नावही आटोपशीर आणि नामापासून सुरू करावं. ‘पितळेची मोठी समई’ लिहिण्यापेक्षा ‘समई, पितळ, मोठी’ लिहिलं की अकारविल्हे लावताना सगळ्या समया एकत्र येतात. संगणकाचा शोध अक्षरांवर चालतो, त्यामुळे ‘चूल’ आणि ‘चुल’ त्याला वेगळी वाटतात, हेही ध्यानात ठेवावं.

इथपर्यंत वस्तूवरून खोक्याचा नंबर मिळाला. आता खोकं कुठे आहे? एक उदाहरण घेऊन पाहू. समजा मुलुंडच्या एका घराचं सामान १० फूट खोल आणि ८ फूट रुंद अशा युनिटमध्ये गेलं. दार ८ फुटांच्या बाजूला, मधोमध. खोकी ४२, सगळी साधारण १८ इंच लांब-रुंद-उंच. पुस्तकांसाठी वापरलेली मात्र लहान, कारण १८ इंची खोकं पुस्तकांनी भरलं तर त्याचं वजन ५०-६० किलोंवर जातं आणि ते कुणाला उचलत नाही. फर्निचर, फ्रिज, गुंडाळलेल्या गाद्या डाव्या भिंतीला, खोकी उजव्या भिंतीला, आणि मधे दारापासून मागच्या भिंतीपर्यंत २ फुटांची बोळ. ही बोळ सोडायला लोक तयार नसतात, कारण त्या जागेचंही भाडं भरायचं असतं. पण बोळ नसलेलं युनिट म्हणजे भरून बंद केलेला ट्रक. सूची कितीही चांगली असली तरी मागचं खोकं काढायला पुढचं अर्धं युनिट बाहेर कॉरिडॉरमध्ये मांडावं लागतं.

उजव्या बाजूला ३ फूट जागा उरते, म्हणजे खोक्यांच्या दोन रांगा: एक भिंतीला लागून, एक बोळीच्या कडेला. दारापासून आत जाताना सहा थप्प्या बसतात, आणि चारच्या वर रचायचं नाही असं ठरवलं, तर एकूण ४८ जागा झाल्या. खोकी ४२, म्हणजे सहा जागा मोकळ्या. त्या मोकळ्याच राहू द्याव्यात, कारण मागचं खोकं काढताना पुढची खोकी ठेवायला जागा लागते. आता प्रत्येक जागेला पत्ता देता येतो: बाजू, दारापासून कितवी थप्पी, भिंत की बोळ, आणि जमिनीपासून कितवं. उ-४-भिंत-१ म्हणजे उजवीकडे, चौथी थप्पी, भिंतीकडची रांग, सर्वात खालचं. उंची नेहमी जमिनीपासूनच मोजावी. वरून मोजली, तर वरचं एक खोकं काढताच खालच्या सगळ्यांचे पत्ते बदलतात.

हा पत्ता फक्त जागा दाखवत नाही, कष्टही दाखवतो. उ-४-भिंत-१ गाठायला बोळीकडची चार खोकी आणि त्याच्या डोक्यावरची तीन, अशी सात खोकी हलवावी लागतात. उ-२-बोळ-३ साठी एकच. म्हणून खोकी रचताना आत काय आहे यापेक्षा ते कधी लागणार आहे हे पाहायचं. नव्या घरापर्यंत लागणार नाही ते, म्हणजे पंचवीस माणसांची ताटं, जुने अल्बम, पुस्तकं, भिंतीकडे आणि खाली. गणपती-दिवाळीचं सामान, लोकरीचे कपडे, लग्नसराईच्या साड्या, मुलांच्या शाळेचं काही असेल ते बोळीकडे, हाताच्या उंचीवर. एकाच प्रकारच्या वस्तू शेजारी ठेवायचा मोह सोडून द्यावा. अॅमेझॉनसारख्या कंपन्यांच्या मोठ्या गोदामांतही माल प्रकारानुसार रचत नाहीत. जिथे मोकळा कप्पा दिसेल तिथे ठेवतात आणि कुठे काय आहे हे संगणकातल्या नोंदीवर सोडतात. नोंद विश्वासाची असेल तर शेजार महत्त्वाचा राहत नाही.

लक्षात राहावं म्हणून सांगतो, कपाटं आणि ड्रॉवर हीसुद्धा खोकीच आहेत. लाकडी कपाट रिकामं कोण पाठवतं? त्यात चादरी, उशा, कधी कपड्यांच्या घड्या तशाच जातात. कपाटाला ४३ नंबर दिला तर त्याच्या ड्रॉवरना ४३-१, ४३-२. टेबलफॅन, चौरंग, पाट यांसारख्या सुट्या वस्तूंनाही नंबर हवा, आणि तो चिठ्ठीवर लिहून सुतळीनं बांधलेला.

आता सूचीची मांडणी. दोन तक्ते हवेत. पहिला वस्तूंचा: वस्तू, दुसरी नावं, खोक्याचा नंबर, सध्या आत की बाहेर. दुसरा खोक्यांचा: नंबर आणि पत्ता. पत्ता पहिल्या तक्त्यात हातानं लिहायचा नाही. समजा १७ नंबरच्या खोक्यात २६ वस्तू आहेत आणि ते खोकं हलवलं. पत्ता वस्तूंशेजारी लिहिलेला असेल तर २६ ओळी सुधाराव्या लागतील, आणि कोणी सुधारणार नाही. खोक्यांच्या तक्त्यात असेल तर एक चौकट बदलली की झालं. गुगल शीट किंवा एक्सेलमध्ये वस्तूंच्या तक्त्यातला पत्त्याचा रकाना आपोआप भरता येतो. खोक्याचा नंबर C रकान्यात आणि दुसऱ्या शीटचं नाव ‘खोकी’ असेल, तर:

```
=VLOOKUP(C2,'खोकी'!A:B,2,FALSE)
```

शेवटचं FALSE गाळू नये. ते नसेल तर संगणक जवळचा नंबर चालवून घेतो आणि १७ ऐवजी दुसऱ्याच खोक्याचा पत्ता देऊ शकतो. आणखी एक काळजी: एका शीटमध्ये १७ आणि दुसऱ्यात 17 असं लिहिलं तर जुळणी होईलच असं नाही. दोन्हीकडे एकाच प्रकारचे आकडे ठेवावेत. संगणकाशी ज्यांचं जमत नाही त्यांनी वही करावी, पण तीही दोन भागांत: पुढून वस्तू अकारविल्हे, मागून खोकी नंबरवार. खोक्यांचे पत्ते पेन्सिलीनं.

सूची बनवण्यात चुका होतात त्या थोड्या, आणि बहुतेक लगेच लक्षात येतात. सूची बिघडते ती पहिल्यांदा काहीतरी बाहेर काढलं जातं तेव्हा. तेच मुलुंडचं घर. ऑगस्टअखेर मोदकपात्र हवं. सूचीत ‘मोदक’ शोधलं की खोकं १७, उ-२-बोळ-३. वरचं एक खोकं उतरवलं, १७ उघडलं, मोदकपात्र घेतलं, आणि दिसलं म्हणून निरांजनाची जोडीही घेतली. इथे दोन गोष्टी घडायला हव्यात. दोन्ही वस्तूंपुढे ‘बाहेर’ आणि तारीख लागली पाहिजे, आणि ती युनिटला कुलूप लावण्याआधी. घरी जाऊन लिहू म्हटलं की निरांजनं राहून जातात, कारण ती घ्यायला कुणी गेलंच नव्हतं. अनेक युनिटं जुन्या औद्योगिक गाळ्यांत किंवा तळघरात असतात आणि तिथे मोबाइलला रेंज मिळत नाही. म्हणून दाराच्या आत एक छापील सूची, छापल्याची तारीख घालून, आणि तिच्याशी दोरीनं बांधलेली पेन्सिल ठेवावी. दर खेपेला त्यावरच्या खुणा घरच्या शीटमध्ये चढवायच्या.

परत ठेवताना गोंधळ आणखी वाढतो. गणपती झाले, मोदकपात्र घेऊन आलात, पण १७ वर आता तीन खोकी आहेत. कुणीही मोदकपात्र वरच्याच खोक्यात सरकवणार. तसं करायला हरकत नाही, फक्त खोक्याचा नंबर बदलला पाहिजे. माणसाच्या आळसाला वाट करून द्यावी, हे बरं. दाराजवळ एक उघडं खोकं, समजा ६०, ‘परत आलेल्या वस्तूंसाठी’ राखून ठेवावं. परत आलेलं सगळं ६० मध्ये आणि त्या ओळीत नंबर ६०. ते भरलं की टेप लावून त्याला पत्ता द्यायचा आणि ६१ सुरू करायचं. वस्तूनं मूळ खोक्यात परत जावं असा हट्ट धरला तर वस्तू जातही नाहीत आणि नोंदीही राहत नाहीत.

सूची अजून खरी आहे का, हे तपासायची सोपी रीत हिशेबतपासणीस गोदामात वापरतात. शीटमधल्या कुठल्याही पाच ओळी निवडून त्या वस्तू खरंच तिथे आहेत का ते पाहायचं. मग उलट बाजूनं जायचं: हाताला येतील त्या पाच वस्तू उचलायच्या आणि त्या शीटमध्ये सापडतात का ते पाहायचं. पहिल्या तपासणीत हलवलेल्या किंवा हरवलेल्या वस्तू कळतात. दुसऱ्या तपासणीत नोंदच न झालेल्या वस्तू कळतात आणि त्या पहिल्या तपासणीत कधीच सापडणार नाहीत. दहापैकी दोन चुकल्या तर जास्त हाताळलेल्या बोळीकडच्या खोक्यांपासून पुन्हा नोंद करायला बसावं. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेला तळातली खोकी दबली आहेत का हेही पाहावं. पुठ्ठा ओल धरतो, थप्पी एका बाजूला कलते आणि हमालानं ती सरळ केली की पत्त्यांची अदलाबदल होते. तळाला प्लास्टिकचे क्रेट किंवा लाकडी फळ्या घातल्या तर हे बरंच टळतं.

काही कंपन्या तुम्हाला आत जाऊ देत नाहीत. खोकी त्यांच्या गोदामात असतात आणि मागणी केल्यावर घरी पोहोचवतात. तिथे पत्त्याचा तक्ता तुमच्या हाती नाही, त्यामुळे त्यांचा बारकोड तुमच्या नंबराशेजारी लिहायचा आणि वस्तूंची ओळ आणखी काळजीनं करायची, कारण चुकीचं खोकं मागवल्याचे पैसे पडतात. अशा ठिकाणी प्रसंगानुसार भरणं फायद्याचं: गणपतीचं सगळं एका खोक्यात, दिवाळीचं दुसऱ्यात, म्हणजे एका खेपेत काम होतं.

नव्या घराची चावी मिळाली की खोक्यांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा: ‘नव्या घरात कुठे’. प्रत्येक खोक्यापुढे स्वयंपाकघर, देवघर, मोठी खोली असं लिहून तोच कागद हमालांच्या मुकादमाकडे द्यावा, म्हणजे हॉलमध्ये ढीग पडत नाही. खोकं उघडलं की त्याच्या ओळीवर खूण. सगळ्या ओळींवर खुणा झाल्याशिवाय युनिटची चावी परत करू नये. डिपॉझिट घेऊन बाहेर पडल्यावर आठवलेला चौरंग मागायला कोणी पुन्हा आत सोडत नाही.